विषय: चालू ऑर्डरमध्ये २४० पंप केसिंग वाढवून मिळण्याबाबत (खरेदी ऑर्डर क्र. पीओ-२५२६-०४१७)

दिनांक: २८ जानेवारी २०२६

प्रति,
मा. पाटीलसाहेब,
फाउंड्री विभाग, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

६ जानेवारीच्या वरील ऑर्डरप्रमाणे ५ एचपी मोनोब्लॉक पंपाच्या ६०० केसिंगचं काम आपल्याकडे चालू आहे. या नगांमध्ये आणखी २४० ची भर घालता येईल का, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एकूण संख्या ८४० होईल. ड्रॉइंग तेच (रिव्हिजन ‘सी’), ग्रेड तीच (आयएस २१० प्रमाणे एफजी २००), नगाचं वजन तेच १८.५ किलो. फक्त संख्या वाढते आहे.

ऑर्डरमध्ये संख्येला ±२ टक्के मुभा आहे. ही वाढ ४० टक्के आहे आणि ओतकाम सुरू झाल्यावर मागतो आहोत. त्यामुळे हा आमचा हक्क नाही, विनंती आहे. आपल्या लाइनवर इतरांचीही कामं आहेत हे आम्ही जाणतो. नाही म्हणायची वेळ आली तर मोकळेपणानं नाही म्हणा, मूळ ६०० वर त्याचा काहीही परिणाम होणार नाही.

वाढ कशामुळे ते थोडक्यात सांगतो. उन्हाळी हंगामासाठी विक्रेत्यांकडून २२५ पंपांच्या जादा लेखी ऑर्डरी आल्या आहेत. मागच्या लॉटमध्ये मशिनिंगनंतर शंभरात सहा नग बाद झाले, बहुतेक फ्लँजच्या तोंडाशी निघालेल्या ब्लो होलमुळे. तेवढी तूट धरून २४० मागितले आहेत. अंदाजाने फुगवलेला हा आकडा नाही, आणि पुढे तो आम्ही कमी करणार नाही.

आपल्या सुपरवायझरनी काल दिलेली स्थिती अशी: २१० बॉक्स ओतून झाले, १४० नग फेटलिंग होऊन तयार, कोअर ३३० तयार. २० तारखेपासून सुट्ट्या वगळून दिवसाला सरासरी ३५ बॉक्स पडतात. याच वेगानं मूळ ६०० चं ओतकाम १० फेब्रुवारीच्या सुमारास संपेल आणि त्यानंतर पॅटर्न लाइनवरून उतरेल. आमची मुख्य विनंती इथेच आहे. पॅटर्न उतरवण्याआधीच हे २४० बॉक्स सलग घ्यावेत. एकदा उतरला की पुन्हा चढवणं, सेटिंग, पहिल्या नगाची तपासणी, या सगळ्यात दोघांचाही वेळ जाईल आणि खर्च वाढेल. सलग घेतल्यास आणखी सातेक दिवसांचं ओतकाम आहे.

तयारीच्या सोयीसाठी आमचा हिशेब देतो. तो आपल्या अनुभवाने तपासून घ्यावा.

रनर-रायझरसह उतारा ७० टक्के धरला तर एका बॉक्सला साधारण २६.४ किलो धातू लागतो. आपल्या ५०० किलोच्या भट्टीत एका हीटला १८ बॉक्स निघतात, म्हणजे २४० साठी १४ हीट आणि सुमारे ६.३ टन धातू. कोअर फुटण्याची तूट धरून २५५ करावे लागतील. एका कोअरला चार किलो रेझिन कोटेड वाळू धरली तर एक टनाच्या थोडी वर, म्हणजे ५० किलोच्या २० ते २१ पिशव्या. आमच्या मते खरी अडचण भट्टीची नसून कोअर शॉपची असेल. मूळ ऑर्डरचेच सुमारे ३०० कोअर अजून व्हायचे आहेत. वाळूचा साठा किती आहे हे उत्तरात आवर्जून कळवावं. कमी असेल तर ती वाट पाहण्यातच तारीख जाते.

मालाच्या तारखा अशा धरल्या आहेत:

| लॉट | नग | आमच्या स्टोअरमध्ये पोच |
|---|---|---|
| मूळ १ | १५० | २ फेब्रुवारी |
| मूळ २ | १५० | ९ फेब्रुवारी |
| मूळ ३ | १५० | १६ फेब्रुवारी |
| मूळ ४ | १५० | २३ फेब्रुवारी |
| वाढीव १ | १२० | २८ फेब्रुवारी |
| वाढीव २ | १२० | १० मार्च |

मूळ चार तारखांना धक्का लागू नये, ही एकच गोष्ट आमच्यासाठी अटळ आहे. त्या नगांवर आमच्या मशीन शॉपचं महिन्याचं वेळापत्रक उभं आहे. वाढीव नगांसाठी मूळ लॉट थांबवून ‘सगळं एकदम पाठवतो’ असं कृपया करू नये.

वाढीव नगांचं ओतकाम २० फेब्रुवारीपर्यंत उरकलं तर बरं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात होळी आहे, आणि परगावचे मोल्डर त्याआधी गावी निघाले की लाइन पंधरवडाभर अर्ध्या हातांवर चालते. फेटलिंग मागे राहिलं तरी त्यावर मार्ग आहे. त्याचाच ताण पडत असेल तर वाढीव २ मधील १२० नग रनर-रायझर तोडून, शॉट ब्लास्ट करून तसेच पाठवा, ग्राइंडिंग आम्ही इथे करून घेऊ. त्यापोटी किलोमागे किती कमी करता येईल ते सांगावं.

पॅटर्नबद्दल एक गोष्ट महत्त्वाची आहे. ॲल्युमिनियमची मॅच प्लेट ८४० बॉक्सपर्यंत चालेल, पण डॉवेल पिन आणि बुश झिजले की वरचा-खालचा भाग सरकतो. मग केसिंगची भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. ड्रॉइंगप्रमाणे भिंत कुठेही ६ मिमीच्या खाली जाता कामा नये. ३०० बॉक्स झाल्यावर आणि पुन्हा ६०० झाल्यावर पिन-बुश तपासावेत, ढिले वाटले तर लगेच बदलावेत. पॅटर्न आमच्या मालकीचा आहे, त्यामुळे त्याचा खर्च आमच्याकडे लावावा. कोअर प्रिंटची झीजही त्याच वेळी पाहावी. कोअर हलला की व्होल्यूटच्या जिभेजवळ पहिली गडबड होते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

वाढीव नगांसाठी चार्ज मिक्स बदलू नये, विशेषतः घाईत इनॉक्युलंट कमी पडू देऊ नये. पातळ कडा पांढऱ्या पडल्या की आमच्या ड्रिलिंगवर टूल तुटतात, आणि तो नग मशीनवर चढल्याशिवाय कळत नाही. कडकपणा १८० ते २२० बीएचएन, गळती चाचणी ६ किलो प्रति चौ. सेंमी दाबावर २ मिनिटं, हे मूळ ऑर्डरप्रमाणेच राहील. प्रत्येक हीटचा टेस्ट बार आणि हीट नंबर नगावर हवाच. वाढीव नगांच्या हीट नंबरपुढे ‘व’ असा शिक्का टाकावा आणि चलनही वेगळं काढावं, म्हणजे स्टोअरमध्ये दोन्ही लॉट मिसळणार नाहीत.

भार कमी करायला वाढीव काम दुसऱ्या युनिटमध्ये द्यावं लागणार असेल तर ते आधी कळवावं. आमची हरकत नाही, पण तिथले पहिले ५ नग कापून-तपासून मंजूर केल्याशिवाय पुढचं ओतकाम होऊ नये.

दराबद्दल. मूळ दर ९२ रुपये किलो, म्हणजे नग १,७०२ रुपये. त्या दराने २४० नगांचे ४,०८,४८० रुपये होतात, १८ टक्के जीएसटी वेगळा. पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव बदलले असतील तर नव्या खरेदीच्या बिलाप्रमाणे फरक आम्ही मान्य करू. ओव्हरटाइम लागणार असेल तर तो किलोच्या दरात मिसळू नये, स्वतंत्र ओळीत दाखवावा. मूळ ६०० नगांचा दर बदलणार नाही. वाढीव नगांच्या रकमेपैकी ३० टक्के, म्हणजे १,२२,५४४ रुपये, आपला होकार आल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत आगाऊ जमा करू, म्हणजे वाळू आणि स्क्रॅपसाठी आपले पैसे अडकणार नाहीत. बाकी रक्कम माल पोचल्यापासून ३० दिवसांत.

हे पत्र म्हणजे ऑर्डर नव्हे. आपला लेखी होकार आला की त्याच दिवशी सुधारित खरेदी ऑर्डर (दुरुस्ती क्र. १) पाठवू. तोवर २४० पैकी एकही बॉक्स ओतू नये. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कुणी ‘चालू करा’ म्हटलं तरी थांबावं, नाहीतर बिल मंजूर करताना अडचण येते आणि त्रास आपल्यालाच होतो. मात्र कोअर शॉपची शिफ्ट मोडू नये म्हणून ६० जादा कोअर आत्तापासून करायला हरकत नाही. वाढ झाली नाही तर त्या ६० कोअरचा खर्च आम्ही देऊ. त्यासाठी हे पत्र पुरावा समजावा.

पूर्ण २४० शक्य नसतील तर किती शक्य आहेत तो आकडा द्यावा. १२० मिळाले तरी पहिल्या टप्प्यातील विक्रेत्यांचं भागतं. उरलेले मार्चअखेर घेता येतील का, तेही कळवावं.

शुक्रवार, ३० जानेवारी, संध्याकाळी ६ पर्यंत उत्तर मिळावं. नग किती, वाळूचा साठा किती, दरातला फरक किती, आणि दोन्ही वाढीव तारखा आपल्याला झेपतात का, एवढ्या चार गोष्टी त्यात असल्या की पुरे. गरज वाटल्यास गुरुवारी सकाळी मी आणि आमचे गुणवत्ता निरीक्षक शिरोलीला येतो. पॅटर्नची पाहणी आणि तारखांची बोलणी एकाच भेटीत होईल. येण्यापूर्वी सकाळी ९ वाजता फोन करू.

आपला,
देशमुख
खरेदी विभाग, कुपवाड एमआयडीसी, सांगली

सोबत: ड्रॉइंग रिव्हिजन ‘सी’, मूळ ऑर्डरची प्रत
प्रत: गुणवत्ता विभाग, मशीन शॉप, स्टोअर्स