खडकचक्र: स्लाइडसोबतचं विवेचन
(प्रथम वर्ष, भूशास्त्र. शनिवारच्या क्षेत्रभेटीआधीचा तास)

स्लाइड 1: तीन चौकटी आणि बाण

शेवटच्या बाकापर्यंत नीट दिसतंय ना? ही आकृती तुम्ही दहावीपासून बघताय. अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित अशा तीन चौकटी आणि खाली शिलारस. परीक्षेत सगळेजण चौकटी अगदी सुबक काढतात, बाण मात्र घाईत ओढतात. आज आपण उलटं करणार आहोत. चौकटी तुम्हाला येतात असं मी धरून चालते. आजचा तास बाणांचा, कारण प्रत्येक बाण म्हणजे एक प्रक्रिया आहे आणि प्रत्येकीच्या स्वतःच्या अटी आहेत. पाणी लागेल, दाब लागेल, उष्णता लागेल. अट पूर्ण झाली नाही तर खडक आहे तिथे कोट्यवधी वर्षं तसाच पडून राहतो.

आणखी एक बघा. चक्र म्हटलं की आपण धरून चालतो की आधी अग्निजन्य, मग गाळाचा, मग रूपांतरित, मग वितळला आणि पुन्हा पहिल्यापासून. असा ठरलेला क्रम कुठेही नाही. अग्निजन्य खडक थेट रूपांतरित होऊ शकतो. रूपांतरित खडक उघडा पडला की झिजून गाळ होतो. गाळाचा खडक पुन्हा झिजून नव्या गाळाच्या खडकात जातो. म्हणून मी या आकृतीत आडवे बाणही काढलेत. वहीत उतरवताना ते गाळू नका.

एडिनबर्गच्या जेम्स हटननं 1785 मध्ये तिथल्या रॉयल सोसायटीसमोर हा विचार मांडला. जमीन झिजते, तिचा गाळ समुद्रतळाशी साचून घट्ट होतो, आतल्या उष्णतेनं वर उचलला जातो आणि पुन्हा झिजू लागतो. पृथ्वीचं वय काही हजार वर्षांचं आहे असं मानणाऱ्या काळात तो हे बोलला. त्याचं मोठेपण त्यात आहे.

स्लाइड 2: शिलारस ते बेसॉल्ट

हा फोटो घाटातला आहे. डोंगराला पायऱ्या दिसतात, त्यातली साधारण एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून हा लाव्हा बाहेर आला आणि पसरला. दोन थरांच्या मधे कुठेकुठे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक थर थंड होऊन दुसरा येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्यात वरचा भाग कुजला, राख साचली, त्याचा तो पट्टा. बरेचसे विद्यार्थी काळा दगड बघतात आणि तो तांबडा पट्टा सोडून देतात. तसं करू नका, ज्वालामुखीनं घेतलेल्या विश्रांतीची नोंद त्यातच आहे.

आता नमुना हातात घ्या, पुढे सरकवत जा. काळा, जड, कण डोळ्यांना दिसत नाहीत, कारण लाव्हा उघड्यावर लवकर थिजला आणि स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला नाही. हाच शिलारस जमिनीखाली खोल सावकाश थंड झाला असता तर गॅब्रो मिळाला असता, ज्यातले स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

इथे आकृतीतली एक उणीव सांगते. आकृती म्हणते, रूपांतरित खडक वितळून शिलारस होतो. पण आपला बेसॉल्ट असा कुठला जुना खडक वितळून झालेला नाही. तो प्रावरणातून आला. प्रावरणाचा तापलेला भाग वर चढला, वरचा दाब कमी झाला आणि तो अंशतः वितळला. म्हणजे या चक्रात बाहेरून नवीन माल येत असतो. आकृतीच्या खाली मी प्रावरणाकडून येणारा एक जादा बाण दाखवलाय तो यासाठी.

स्लाइड 3: बेसॉल्ट ते जांभा

आपल्या घराच्या भिंती, कुंपणाचे गडगे, विहिरीचं बांधकाम सगळं याच दगडाचं, त्यामुळे या स्लाइडवर जास्त वेळ थांबते.

बेसॉल्टमध्ये मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन. दोन्ही खनिजं खोलवरच्या उष्णतेत तयार झालेली, आपल्या पावसात ती टिकत नाहीत. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि मग आठ महिने कोरडे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकात मुरतं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी निघून जातात. मग हळूहळू सिलिकाही जाते. विरघळायला नकार देतात ते लोह आणि ॲल्युमिनियम. त्यांची ऑक्साइडं आणि हायड्रॉक्साइडं मागे उरतात. लोहाचा तो तांबडा रंग.

चिरेखाणीत उभं राहून वरून खाली बघा. वर सड्याचं कडक कवच, त्याखाली भोकाभोकांचा जांभा, त्याखाली मऊ चिकट माती आणि सगळ्यात तळाशी मूळ काळा बेसॉल्ट. या मधल्या मातीत कधीकधी बेसॉल्टचा जुना पोत तसाच दिसतो, पण नखानं खरवडला तर निघतो. खडकाचा आकार राहिलाय, खनिजं बदलून गेलीत. रूप पालटणं कसं असतं ते इतकं जवळून दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतं. खाणकामगार तुम्हाला हेही सांगतील की चिरा कापताना मऊ असतो आणि उन्हावाऱ्यात राहिला की कडक होतो. पाणी उडून जातं आणि लोहाची ऑक्साइडं घट्ट होत जातात, म्हणून.

मागच्या वर्षी वर्गात प्रश्न आला होता, “मॅडम, मग जांभा कुठल्या चौकटीत घालायचा?” फार चांगला प्रश्न. तो लाव्हापासून थिजलेला नाही, दाबाखाली रूपांतरित झालेला नाही, आणि बहुतेक ठिकाणी कुठून वाहून येऊन साचलेलाही नाही. तो जागच्या जागी झालेला अवशेष आहे. काही पुस्तकं त्याला अवशिष्ट म्हणून गाळाच्या खडकांत घालतात. उत्तरात तसं लिहिलंत तर मी गुण देईन, पण कारण लिहायला हवं. आणि अपक्षयाला रूपांतरण म्हणू नका. तिथे गुण जातील.

स्लाइड 4: गाळ ते खडक

डावीकडे रत्नागिरीच्या मांडवीची काळी वाळू, उजवीकडे तारकर्लीची पांढरी. एकाच किनाऱ्यावर इतका फरक का? बेसॉल्टमध्ये गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, जवळपास नसते. त्यामुळे त्याच्या झिजेतून काळी, लोहयुक्त खनिजं मिळतात, इल्मेनाइट त्यातलंच. दक्षिणेकडे नाइस आणि क्वार्टझाइट उघडे आहेत. त्यातली गारगोटी पाण्याला दाद देत नाही, ती वाळू होऊन किनाऱ्यावर पोचते. शिंपल्यांचा चुराही त्यात असतो.

नुसती वाळू म्हणजे खडक नव्हे. वरून भार पडला पाहिजे, कण जवळ आले पाहिजेत आणि मधल्या फटीत काहीतरी सिमेंटसारखं बसलं पाहिजे. सहसा याला लाखो वर्षं लागतात. पण अपवाद आपल्याच किनाऱ्यावर आहे. करल तुमच्यातल्या काहींनी पाहिली असेल, वाळू आणि शिंपले चुन्यानं सांधून झालेला दगड. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट कणांमध्ये बसतं आणि थर घट्ट होतो. उष्ण किनाऱ्यांवर असे दगड काही दशकांतही तयार होतात. तेव्हा ‘गाळाचा खडक व्हायला कोट्यवधी वर्षंच लागतात’ असं सरसकट वाक्य उत्तरात नको.

स्लाइड 5: वालुकाश्म ते क्वार्टझाइट

दोन नमुने, दोघांतही गारगोटीचेच कण. भिंगातून ताजा तुटलेला भाग बघा. वालुकाश्म कणांच्या कडेकडेनं तुटलाय, कण सुटे सुटे दिसतात, बोट फिरवलं तर खरखरीत लागतो. क्वार्टझाइटमध्ये तडा कणांच्या आरपार गेलाय आणि पृष्ठभाग चकचकीत आहे. कणांच्या सीमा एकमेकांत गुंतून गेल्यात. हातोडा मारला तर ठिणगी पडेल, म्हणून शनिवारी चष्मा घातल्याशिवाय कुणीही हातोडा उचलायचा नाही.

हे वितळून झालेलं नाही. हे वाक्य वहीत अधोरेखित करा, कारण दरवर्षी निम्म्या उत्तरपत्रिकांत ‘वितळून रूपांतरित होतो’ असं असतं. भट्टीत वीट भाजते तेव्हा ती पातळ होत नाही, तरी आतून बदलते, तसं हे घन अवस्थेतच घडतं. खडक वितळला की तो या चौकटीतून बाहेर पडला, पुढे तो अग्निजन्य.

किती खोल जावं लागतं? खाली जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. रूपांतरण सुरू व्हायला अंदाजे 200 अंश लागतात. हिशेब तुम्हीच करा, सात-आठ किलोमीटर. त्या खोलीवर चिखलाचा शेल दाबाखाली पाटीचा दगड होतो, आणखी खाली फायलाइट, शिस्ट, आणि शेवटी पट्टेदार नाइस. पाण्याच्या सान्निध्यात 650 ते 700 अंशांपलीकडे नाइस वितळू लागतो आणि ग्रॅनाइटचा शिलारस तयार होतो. चुनखडीचा संगमरवर होतो, ते तुम्हाला पाठ आहे.

स्लाइड 6: आपल्या कोकणात कुठले बाण चालू आहेत?

सिंधुदुर्गात खालून वर जा. तळाशी 250 कोटी वर्षांपलीकडचा नाइस. त्यावर कलादगी गटाचे वालुकाश्म आणि क्वार्टझाइट, बेसॉल्टपेक्षा दहा पटींहून जुने. कासार्डे-फोंडा भागातली सिलिका वाळू याच खडकांतून काढतात. त्यावर बेसॉल्ट, आणि बेसॉल्टवर जांभा. एका जिल्ह्यात चारही.

पण ज्या दाब-उष्णतेनं तो नाइस झाला, तशी परिस्थिती आज इथे जमिनीजवळ कुठेही नाही. दोन भूपट्ट एकमेकांवर आदळतात तिथे ती असते, आणि आपला किनारा भूपट्टाच्या कडेवर नाही. आज इथे जोरात चालू आहेत ते अपक्षयाचे आणि गाळाचे बाण. जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी पावसाळ्यात लाल होऊन वाहतात ते त्यामुळेच. तो गाळ खाड्यांत आणि अरबी समुद्राच्या भूखंडमंचावर साचतोय. त्यातला काही पुढे खडक होईल, काही लाटा पुन्हा उपसून नेतील.

स्लाइड 7: शनिवारसाठी

बस सकाळी सहाला सुटेल. भिंग, वही, पाणी, टोपी आणि पायात बूट, चपला नकोत. खाणीच्या कडेला कुणी जायचं नाही. प्रत्येक गटानं चार नमुने आणायचे. चिठ्ठीवर जागा, दिशा, थर वरचा की खालचा हे त्या ठिकाणीच लिहायचं, बसमध्ये बसून आठवून नाही. नमुन्याच्या नावाखाली दोन ओळी हव्यात: हा आधी काय होता आणि कुठल्या बाणानं इथे आला. आणि तिसरी ओळ, पुढचा बाण कुठला असू शकतो आणि त्यासाठी कुठली अट अजून बाकी आहे. सोमवारच्या प्रात्यक्षिकात आपण याच ओळींवर बोलू.