ऊर्जेचा मनोरा: 10 टक्क्यांची गणितं (वर्कशीट, 20 मार्क)

गणितं सोपीच आहेत, पण मागच्या टेस्टला अर्ध्या वर्गाने एकच चूक केली, पातळ्या मोजल्या आणि तेवढे शून्य उडवले, म्हणून आधी अन्नसाखळी काढा आणि मग बाण मोजा, पातळ्या नाही. साखळीत वर जाताना प्रत्येक बाणाला भागिले 10, खाली येताना गुणिले 10. एकक विसरलात की अर्धा मार्क गेला.

हे एक करून दाखवते: गवत → नाकतोडा → बेडूक → साप. गवतात 40,000 किलोज्यूल. जण चार, पण बाण तीनच, म्हणून 4,000, मग 400, मग 40. सापाला मिळाले 40 किलोज्यूल.

प्र. 1 (2 मार्क) ह्याच साखळीत सापाला खाणारी घार आली. तिला किती ऊर्जा मिळेल? आणि घारीच्या वर अजून एक भक्षक का टिकत नाही ते एका वाक्यात लिहा, निबंध नको.

प्र. 2 (3 मार्क) आता उलटं. वनस्पतीप्लवक → प्राणीप्लवक → छोटा मासा → मोठा मासा. मोठ्या माशाकडे 7 किलोज्यूल पोचले, तर वनस्पतीप्लवकात किती होते?

प्र. 3 (4 मार्क) गवतावर 6,00,000 किलोज्यूल सूर्यप्रकाश पडला, त्यातला 1 टक्काच अन्नात साठला. ते गवत सशाने खाल्लं, सशाला कोल्ह्याने. तिघांची ऊर्जा काढा. (सूर्य ही पोषण पातळी नाही, तिथे 10 टक्के लावले की पुढचं सगळं चुकतं!)

प्र. 4 (5 मार्क) अळीने 500 ज्यूलचं पान खाल्लं. 250 ज्यूल विष्ठेतून बाहेर, 175 श्वसनात वापरले आणि उष्णता होऊन गेले, उरलेले अंगाला लागले.
अ) अंगाला किती लागले, आणि ते खाल्लेल्याच्या किती टक्के?
आ) उत्तर 10 आलं नाही म्हणून खोडत बसू नका, बरोबरच आहे. झाडावरची सगळी पानं अळ्या खातात का, ह्यावरून फरकाचं कारण लिहा.
इ) विष्ठेतले 250 ज्यूल पुढे कोण वापरतं?

प्र. 5 (6 मार्क) 10 टक्के हा अंदाज आहे, देवाने दिलेला आकडा नाही. रेमंड लिंडेमनने 1942 मध्ये सीडर बॉग लेक ह्या तळ्याचा हिशोब मांडला तेव्हा प्राथमिक भक्षकांसाठी 13.3 टक्के आणि द्वितीय भक्षकांसाठी 22.3 टक्के आले होते. उत्पादकांत 2,000 किलोज्यूल धरून द्वितीय भक्षकांची ऊर्जा दोन्ही पद्धतींनी काढा आणि कितीपट फरक पडला ते सांगा.

उत्तरं पडताळायला (आधी सोडवा, मग बघा): 1) 4 किलोज्यूल 2) 7,000 किलोज्यूल 3) 6,000, 600, 60 किलोज्यूल 4) 75 ज्यूल, 15 टक्के 5) 20 आणि साधारण 59.3 किलोज्यूल, म्हणजे जवळपास तिप्पट. कारणांची उत्तरं इथे नाहीत, ती वहीत लिहून आणा.