फ्रिजमधील उत्पादनदोषाबाबत ग्राहक तक्रार

मा. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, सातारा यांचेसमोर
ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 चे कलम 35 प्रमाणे तक्रार अर्ज

तक्रारदार : सेवानिवृत्त शिक्षक, वय 64, राहणार सातारा
जाबदार क्र. 1 : फ्रिज विकणारे पुण्यातील दुकानदार
जाबदार क्र. 2 : फ्रिज तयार करणारी कंपनी
(सर्वांची पूर्ण नावे व पत्ते सोबतच्या पक्षकार-यादीत दिले आहेत.)

मी वकील दिलेला नाही. तक्रार स्वतः चालवणार आहे, ती येणेप्रमाणे :

1. मी दि. 12 मार्च 2025 रोजी जाबदार क्र. 1 यांच्या दुकानातून जाबदार क्र. 2 यांनी बनवलेला दोन दरवाजांचा फ्रिज रु. 36,990 ला घरच्या वापरासाठी विकत घेतला. पैसे डेबिट कार्डाने दिले. जीएसटी बिल (कागद क्र. 1), बँकेचा उतारा (कागद क्र. 2) व वॉरंटी कार्ड (कागद क्र. 3) दाखल केले आहे. संपूर्ण फ्रिजला एक वर्ष आणि कंप्रेसरला दहा वर्षे वॉरंटी आहे. फ्रिजच्या मागील पट्टीवरचा अनुक्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो, त्याचा फोटो कागद क्र. 4 आहे.

2. दि. 29 एप्रिल रोजी सकाळी वरचा कप्पा थंड आणि खालचा भाग कोमट आढळला. माझी पत्नी मधुमेही असून तिला रोज इन्सुलिन घ्यावे लागते. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते, तसे खोक्यावरच छापलेले आहे. त्या दिवशी खालच्या भागात थर्मामीटर ठेवला तर 19 अंश भरले. डॉक्टरांनी ते पूर्ण खोके वापरू नये असे लेखी दिले (कागद क्र. 5). नवे खोके रु. 3,240 ला आणले, त्याचे बिल कागद क्र. 6 आहे.

3. कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवल्यावर तंत्रज्ञ 2 मे रोजी आले. त्यांनी सेन्सर बदलला. सतरा दिवसांनी, 19 मे रोजी, पुन्हा तीच स्थिती. 23 मे रोजी दुसऱ्या तंत्रज्ञांनी 'गॅस कमी, भरून दिला' असे जॉब शीटवर लिहिले. 11 जूनला फ्रिज तिसऱ्यांदा बंद पडला. 16 जून रोजी आलेल्या तंत्रज्ञांनी आतल्या कॉइलला गळती असल्याचे तोंडी सांगितले. मात्र जॉब शीटवर 'व्होल्टेज कमी-जास्त, वॉरंटीबाहेर' असा शेरा मारून दुरुस्तीसाठी रु. 7,800 मागितले. तिन्ही जॉब शीट कागद क्र. 7 ते 9 आहेत. शेवटच्या शीटवर मी 'शेरा मान्य नाही' असे लिहून सही केली आहे.

4. हा व्होल्टेजचा शेरा टिकणारा नाही. फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. अडीच महिन्यांच्या आत तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतणे. कंपनीच्याच 23 मेच्या शीटवर व्होल्टेजचा एक शब्द नाही. शिवाय हा फ्रिज पहिल्या दिवसापासून स्टॅबिलायझरवर आहे. त्याच प्लगवर, त्याच स्टॅबिलायझरवर आमचा जुना फ्रिज 11 वर्षे चालला होता.

5. फोनवरचे बोलणे हातात राहत नाही. म्हणून प्रत्येक फोननंतर मी दुकानदारांना व्हॉट्सॲपवर 'आज आपण असे म्हणालात' असा संदेश पाठवत गेलो. 17 जूनचे त्यांचे उत्तर आहे : 'आमचे काम विक्रीपर्यंत, पुढचे कंपनी बघेल.' ही संभाषणे व तापमानाचे तारीखवार फोटो कागद क्र. 10 व 11 असून, भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडले आहे. मूळ मोबाईल माझ्याकडे आहे, तो दाखवण्यास तयार आहे.

6. 16 जूननंतर मी फ्रिज कोणालाही उघडू दिलेला नाही. ओळखीच्या मेकॅनिकने दोन हजारात करून देतो म्हटले, पण उद्या 'बाहेरच्याने बिघडवला' असे ऐकायचे नव्हते. जाबदारांनी दोष नाकारल्यास कलम 38(2)(क) प्रमाणे फ्रिज योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवावा, अशी विनंती आहे.

7. दि. 27 जून रोजी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केली. ती 18 जुलै रोजी 'वॉरंटीच्या अटींनुसार नाकारले' या कंपनीच्या उत्तरावर बंद झाली (कागद क्र. 12). 4 ऑगस्ट रोजी दोन्ही जाबदारांना रजिस्टर पोस्टाने नोटीस दिली. पोचपावत्या कागद क्र. 13 आहेत. कंपनीने 22 ऑगस्टला तेच उत्तर दिले, दुकानदारांनी काहीच दिले नाही.

8. अधिकारक्षेत्र : बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात 'वाद पुणे न्यायक्षेत्रात' असे छापले आहे. परंतु तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याचा हक्क कलम 34(2)(ड) ने दिला आहे, आणि छापील ओळीने तो जात नाही. फ्रिज साताऱ्यातच पोचवला, येथेच बिघडला, तपासणीही येथेच झाली. वस्तूपोटी दिलेली रक्कम रु. 36,990, म्हणजे रु. 50 लाखांच्या मर्यादेत आहे. ती रु. 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क लागू नाही. तक्रारीस कारण प्रथम 29 एप्रिल 2025 रोजी घडले, त्यामुळे कलम 69 मधील दोन वर्षांच्या मुदतीत ही तक्रार आहे. याच कारणावरून अन्य कोठेही दावा किंवा तक्रार प्रलंबित नाही.

9. वस्तूत दोष असणे आणि वॉरंटीत असताना तो दूर न करता पैसे मागणे ही सेवेतील त्रुटी, दोन्ही येथे आहे. पैसे दुकानदारांनी घेतले, वॉरंटी कंपनीने दिली. एकमेकांकडे बोट दाखवून दोघांनाही सुटता येणार नाही.

10. नुकसानीचा आकडा मी फुगवलेला नाही. नासलेले दूध, भाजी, उन्हाळ्यात दोन महिने आणलेला बर्फ यांच्या पावत्या कोणी ठेवत नाही, म्हणून ते मागत नाही. इन्सुलिनचे रु. 3,240 मागतो, कारण बिल आहे. पत्नीचे औषध मे महिन्यापासून खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये आहे. गुडघे दुखत असताना रोज त्यासाठी जिने उतरणे, त्यांची दारे वाजवणे आणि आभार मानत राहणे, याची भरपाई म्हणून रु. 20,000 मागतो.

विनंती : (अ) दोन्ही जाबदारांनी संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या फ्रिजची किंमत रु. 36,990, दि. 12 मार्च 2025 पासून प्रत्यक्ष रक्कम मिळेपर्यंत द.सा.द.शे. 9 टक्के व्याजासह परत करावी आणि फ्रिज स्वखर्चाने घेऊन जावा. (ब) इन्सुलिनपोटी रु. 3,240 द्यावेत. (क) शारीरिक व मानसिक त्रासापोटी रु. 20,000 द्यावेत. (ड) तक्रारीच्या खर्चापोटी रु. 5,000 द्यावेत. (इ) किंमत परत देणे मा. आयोगास योग्य न वाटल्यास नवा, सीलबंद फ्रिज नव्या वॉरंटीसह द्यावा. कलम 37 प्रमाणे मध्यस्थीस माझी हरकत नाही. मात्र 'पुन्हा एकदा गॅस भरून बघू' हा तोडगा मला मान्य नाही.

सत्यापन : वरील परिच्छेद 1 ते 10 मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व कागदपत्रांप्रमाणे खरा असून, काहीही लपवलेले नाही. स्वतंत्र प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे. आज दि. 15 सप्टेंबर 2025 रोजी सातारा येथे सही केली.

तक्रारदार (स्वतः)