बावीस विहिरी आणि सात कोरी पानं

शिक्षण संपवून गावी परत येईन, असं परदेशी शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीच्या या अर्जात बहुतेक प्रत्येकजण लिहीत असेल. लिहिताना ते खरंही असतं. मीही एकदा असंच म्हटलं होतं, अगदी मनापासून, आणि तो शब्द मी पाळला नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आमची वाडी बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात आहे. आई आणि आबा ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. मी आजीजवळ आणि सातवीपर्यंत शाळेच्या हंगामी वसतिगृहात वाढले. अडीच एकर जमीन असूनही माझ्या आईवडिलांना कोयता घ्यावा लागतो, कारण विहिरीचं पाणी जानेवारीत संपतं. सगळं पाण्यापाशी येऊन थांबतं हे मला फार लवकर कळलं. का थांबतं, ते कळायला भूविज्ञान शिकावं लागलं.

२०१८च्या दुष्काळात आबांनी मुकादमाकडून जादा उचल, म्हणजे ऊसतोडीच्या मजुरीवरची आगाऊ रक्कम, घेऊन बोअर घेतला. पाणाड्याने हातावर नारळ धरून जागा दाखवली. रात्रभर गाडी चालली. चारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडत राहिला, पांढरा, पिठासारखा. पहाटे गाडीवाला पैसे मोजून घेऊन गेला आणि आबा त्या फुफाट्यात बसून राहिले. मी तेव्हा नुकतीच बीएस्सीला गेले होते. पुढच्या वर्षी वर्गात बेसॉल्टच्या थरांचा पाठ झाला, तेव्हा कळलं की आमच्या शेताखाली पाणी धरणारा मांजऱ्या खडक पन्नास-साठ फुटांतच संपतो. त्याखाली घट्ट काळा पाषाण आहे आणि त्यात भेग सापडली तरच पाणी. वाईट म्हणजे, केसिंग नीट न घालता खाली नेलेला बोअर वरच्या थरातलं पाणीही खाली गळू देतो. शेजारच्या काकांची विहीर त्या वर्षी दोन महिने आधी आटली. त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. कदाचित त्यांनाही कारण माहीत नव्हतं. मला माहीत आहे.

टाळेबंदीत कॉलेज बंद झालं आणि मी घरी आले. आई-आबा कारखान्याच्या तळावर अडकले होते, ते एप्रिलमध्ये परतले. त्याच जूनमध्ये मी विहिरी मोजायला लागले. वाडीत चौसष्ट विहिरी आहेत. नाल्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या मिळून बावीस निवडल्या. मोजायचा दिवस ठरवला अमावास्या. आमच्याकडे अमावास्येला औत धरत नाहीत, मोटारीही फारशा चालत नाहीत, त्यामुळे पाणी आपल्या जागी स्थिरावलेलं असतं. शिवाय ती तारीख कुणाला सांगावी लागत नाही. पहिली मोजणी २१ जून २०२०ला झाली. त्या दिवशी सूर्यग्रहणही होतं. आजी म्हणाली, गिराण सुटू दे, मग जा. मी थांबले आणि दुपारनंतर निघाले.

मोजणं अगदी साधं आहे. टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधलेला असतो. शेवटच्या दोन मीटरला खडू फासायचा, काठावरच्या रंगवलेल्या दगडापासून टेप सोडायचा, नट पाण्याला लागल्याचा आवाज आला की अजून थोडा सोडून दगडापाशी आकडा वाचायचा. टेप वर ओढल्यावर खडू जिथपर्यंत ओला झाला तो आकडा त्यातून वजा करायचा. खोल विहिरीत आवाज यायला उशीर लागतो. त्या क्षणभरात काठावर उभी असलेली माणसं बोलायची थांबतात. हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. शासनाची भूजल यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, पण आमच्या वाडीत अशी विहीर नाही. आमच्या पाण्याची नोंद असलेली कागदावरची एकमेव गोष्ट म्हणजे माझी वही.

दोन वर्षांच्या नोंदींमधून एक गोष्ट दिसली. गावाच्या पिण्याच्या विहिरीला पाणी येतं ते वरच्या अंगाच्या नाल्यालगतच्या एका पट्ट्यातून. १५ ऑगस्ट २०२२च्या ग्रामसभेत मी भिंतीवर कागद लावून हे दाखवलं. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेऊ नये, असा कायदा १९९३ पासून आहे हेही सांगितलं. बऱ्याच जणांनी तो पहिल्यांदाच ऐकला. त्या पट्ट्यात बोअर घ्यायचा नाही असा ठराव झाला. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, एमएस्सी करून मी इथेच येते, मोजणी थांबणार नाही.

जुलै २०२३ मध्ये मला पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी लागली. पगार बेचाळीस हजार. उचल फेडायची होती, धाकट्या बहिणीची फी होती. दर अमावास्येला गावी जाईन असं ठरवलं होतं. पहिल्या अमावास्येला साइटवर होते, दुसरीला अहवाल द्यायचा होता. तिसरीला काही कारणच नव्हतं, नुसता थकवा होता.

ते २०२३ साल होतं. मराठवाड्यात पाऊस दगा देऊन गेला होता. डिसेंबरमध्ये एका रात्री त्या पट्ट्यात दोन बोअर झाले. फेब्रुवारीत पिण्याची विहीर तळाला गेली आणि टँकर सुरू झाला. ग्रामसभेत भांडण झालं. बोअर घेणारा म्हणाला, पाऊसच नाही तर विहीर आटणारच, माझ्या बोअरने आटली कशावरून? त्याला उत्तर देता आलं असतं. नोव्हेंबर आणि जानेवारीच्या पातळ्या शेजारी शेजारी ठेवल्या असत्या, पट्ट्याबाहेरच्या विहिरींशी ताडून पाहिल्या असत्या, तर पावसाने किती उतरलं आणि बोअरने किती, हे निदान अंदाजाने तरी सांगता आलं असतं. पण ऑगस्ट २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या सात अमावास्यांची पानं कोरी आहेत. पाण्याची पातळी मागे जाऊन मोजता येत नाही.

मार्च २०२४ मध्ये मी नोकरी सोडली. तेव्हापासून तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेत भूजलाचं काम करते. पगार अठरा हजार आहे आणि तो वेळेवर मिळतो. आता अकरा गावांत मोजणी चालते. आमच्या वाडीत नववीतल्या दोन मुली माझ्याबरोबर टेप धरतात. त्यांतली एक आता माझ्याआधी आवाज ओळखते. २६ जानेवारी २०२५च्या ग्रामसभेने ठराव करून ही वही ग्रामपंचायतीचं दप्तर म्हणून नोंदवली. त्याची प्रत जोडली आहे. हा ठराव मीच मागितला, कारण काम माझ्या एकटीच्या चांगुलपणावर टांगलेलं असलं की काय होतं ते मी दाखवून दिलं होतं.

मग जायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. कारण मी ज्यापाशी अडकले आहे ते माझ्या आजच्या शिक्षणापलीकडचं आहे. पाणी किती उतरलं हे मी सांगू शकते. कुणाच्या उपशाने किती उतरलं हे ठामपणे सांगायचं तर विहिरींच्या उपसा-चाचण्या, खडकाचे गुणधर्म आणि त्यावरून प्रारूप मांडणं यायला हवं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आयएचई या पाणीविषयक शिक्षणसंस्थेतला एक वर्षाचा अभ्यासक्रम मी त्यासाठी निवडला आहे. तिथली जमीन वाळूची आणि पीट मातीची आहे, आमचा बेसॉल्ट तिथे भेटणार नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून प्रबंधासाठी आमच्याच नाल्याच्या नोंदी वापरायच्या ठरवल्या आहेत.

दुसरं कारण खडकाशी संबंधित नाही. नेदरलँड्समध्ये आज पाण्याचा कारभार पाहणारी २१ जलमंडळं आहेत. त्यांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. लोक त्यांची निवडणूक करतात आणि पाण्यासाठी वेगळा करही भरतात. आपल्याकडे विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नाही तर माणशी वाटलं, भूमिहीनालाही वाटा दिला आणि उसाला नकार दिला. हिवरे बाजारात पावसाचा हिशेब मांडून पिकं ठरतात. आमचा ठराव मात्र सव्वा वर्षात एका रात्रीत मोडला. नियम मोडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं काय होतं, कोण येतं, काय मोजतं, दंड कोण ठरवतं, हे मला तिथल्या एखाद्या जलमंडळाच्या कचेरीत बसून पाहायचं आहे.

आता तुमच्या मनातल्या शंकेबद्दल. पदवीनंतर तिथे वर्षभर राहून नोकरी शोधण्याचा परवाना मिळतो. एका महिन्याच्या पगारात आबांची उचल फिटेल. मोह होणार नाही असं मी लिहिणार नाही, बेचाळीस हजारांचा झाला होता. म्हणून तीन गोष्टी आधीच केल्या आहेत. त्या परवान्यासाठी अर्ज करणार नाही असं हमीपत्र जोडलं आहे. संस्थेने माझी जागा चौदा महिने राखून ठेवण्याचं पत्र दिलं आहे, पगार तोच, अठरा हजार. आणि माझी विनंती आहे की नियमांत बसत असेल तर शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता मी परत येऊन अकरा गावांची पहिली मोजणी सादर केल्यावरच द्यावा. तो खर्च तोवर मी माझ्या बचतीतून भागवीन. बचत एक लाख दहा हजार आहे.

लग्नाबद्दलही विचारलं जाईल, मुलींना विचारतातच. घरी मी सांगून ठेवलं आहे की अमावास्येला संध्याकाळपर्यंत वाडीत पोचता येईल एवढ्या अंतरावरचंच स्थळ बघा. दोन स्थळं त्यामुळे परत गेली. आई थोडी नाराज आहे.

या अर्जाचं आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. पैसे कोण देणार, परत द्यायचे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, पैसे नाही, परत येऊन काम करायचं. ती म्हणाली, "मंग ही बी उचलच की. फिटेस्तोवर कुठं जाता येत न्हाई." मला आधी ते लागलं. उचलीने आमच्या घराचं काय केलं ते मी पाहत आले आहे. पण एक फरक मी तिला सांगितला आणि तिला तो पटला: तिची उचल तिला दरवर्षी गाव सोडायला लावते, माझी मला गावात आणून सोडेल.

मी नसताना मोजणी त्या दोघी मुली करतील. मोटारसायकलवरून बाकीची गावं संस्थेचा सहकारी करेल. दर अमावास्येच्या रात्री पानाचा फोटो माझ्याकडे येईल आणि तुमची हरकत नसेल तर तुमच्याकडेही येईल. एखाद्या महिन्यात तो आला नाही तर मला विचारा.

वहीच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. ती सात कोरी पानंही त्यात आहेत, तारखा वर लिहिलेल्या आणि खाली बावीस रिकाम्या ओळी.