विषय: ऑगस्टच्या पगारात तीन दिवस एलडब्ल्यूपी पडलेत आणि प्रोफेशनल टॅक्सपण कापलाय, दुरुस्त करून मिळावं

नमस्कार अकाउंट्स टीम,

मी स्नेहल, लोटे युनिट, क्यूसी लॅब, एम्प्लॉयी कोड ०४१७. ऑगस्टची स्लिप काल बघितली तर २८, २९, ३० ऑगस्ट हे तीन दिवस एलडब्ल्यूपी दाखवलेत आणि २,३४० रुपये कमी आलेत. हे तीनही दिवस मी गणपतीला गुहागरला गावी होते पण रजा टाकून गेले होते, ११ तारखेलाच पोर्टलवर पीएलचा अर्ज केला, आमच्या लॅब इनचार्ज मॅडमनी लगेच अप्रूव्ह केला, त्याचा स्क्रीनशॉट जोडलाय. (गणपतीत आमच्या युनिटमध्ये अर्ध्याहून जास्त लोक रजेवर असतात, त्यामुळे अजून कोणाकोणाचं असं झालंय का तेही एकदा बघून घ्या.)

गंमत म्हणजे स्लिपवर माझा पीएल बॅलन्स अजून ९ च आहे, म्हणजे रजा वजा झालीच नाही आणि पगार मात्र गेला. अर्ज पोर्टलवरून पेरोलला पोचलाच नसावा असं वाटतं. तर ते तीन दिवस पीएलमधून वजा करा, बॅलन्स ६ करा आणि पैसे जमा करा.

हिशोब असा की माझा ग्रॉस २४,१८०, ऑगस्टचे दिवस ३१, म्हणजे रोजचे ७८०, तीन दिवसांचे २,३४०. त्यात बेसिक रोजचं ४२०, ते कमी झाल्यामुळे पीएफ पण १,५६२ ऐवजी १,४११ च कापलाय, तेव्हा एरिअर्स देताना माझे १५१ पीएफला जाऊदेत आणि कंपनीचा हिस्सापण त्याप्रमाणे भरा, नाहीतर पीएफ तसाच कमी राहील.

दुसरं म्हणजे यावेळी प्रोफेशनल टॅक्स २०० कापलाय. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत पगार असेल तर पीटी नाही, आणि माझा पूर्ण पगार धरला तरी त्याच्या आतच आहे. जुलैपर्यंत कधी कापला नव्हता, तर सिस्टीममध्ये माझ्या नावापुढे पुरुष तर नाही ना पडलं ते बघा प्लीज.

म्हणजे पीएफ वजा जाता २,१८९ आणि पीटीचे २००, असे २,३८९ मला यायला हवेत. सप्टेंबरच्या पगारात दिले तरी चालेल, पण सुधारित स्लिप मात्र आधी पाठवा, पतपेढीत कर्जाच्या फाईलला लावायची आहे आणि एलडब्ल्यूपीवाली स्लिप बघून ते उगाच प्रश्न विचारत बसतील.

आणि हो, गौरींसाठी १ आणि २ सप्टेंबरची रजापण त्याच अर्जात आहे, ती आत्ताच चेक करून ठेवा म्हणजे पुढच्या महिन्यात परत मेल नको. काही विचारायचं असेल तर लॅबच्या एक्स्टेन्शनवर दुपारी दोननंतर फोन करा, सकाळी सॅम्पलिंग असतं.

स्नेहल
क्यूसी लॅब, लोटे युनिट