विषय: पाच प्लाय बॉक्सची दरवाढ

नमस्कार शेठ,

२४ चा बॉक्स एकदम २८ रुपये? क्राफ्ट पेपर दहा टक्क्यांनी महागलाय, मान्य. पण तुमच्याच कोटेशनप्रमाणे खर्चात कागद साठ टक्के. म्हणजे वाढ दीड रुपयाच्या आतच बसते. आम्ही २५.५० देऊ.

त्याबदल्यात पेमेंट ४५ ऐवजी १५ दिवसांत, आणि तीन महिन्यांची ऑर्डर एकदम, दरमहा ६,००० नग. हे जमत नसेल तर पुण्यातल्या मालासाठी तीन प्लाय चालेल, छपाईही एकरंगी करा. त्याचा दर कळवा. नागपूरला जाणारा माल मात्र पाच प्लायमध्येच हवा, खालच्या थरातली चकली चुरा होते.

शुक्रवारपर्यंत कळवलंत तर सोमवारी पीओ काढतो. तोवरच्या ऑर्डरी जुन्याच दराने धरा.

आपला,
खरेदी विभाग