विषय: ३बी विवरणपत्र व स्टोअरची मोजणी – २० तारखेपूर्वी कोणते काम मागे ठेवावे, याबाबत

आदरणीय सर,

सप्टेंबरचे जीएसटीआर-३बी आणि स्टोअरची संपूर्ण मोजणी ही दोन्ही कामे आपण २० ऑक्टोबरपर्यंत सांगितली आहेत. परंतु विभागातील एक सहकारी रजेवर असल्याने उरलेल्या दोघांकडून दोन्ही नीट पार पडतील असे मला वाटत नाही, आणि यातले कोणते थांबवायचे हे परस्पर ठरवणे मला योग्य वाटले नाही.

काल २बी आल्यावर खरेदीच्या नोंदी ताडून पाहिल्या. ३७ बिले जुळत नाहीत आणि त्यांवरील इनपुट क्रेडिट ३,१८,००० रुपये आहे. त्यांतील दहा बिले मी स्वतः काढून पाहिली, तेव्हा सहा बिले २बीमध्ये आहेतच, फक्त आपल्याकडून बिल क्रमांक चुकीचा चढला आहे असे दिसले (एका ठिकाणी तर १७ चे ७१ झाले आहेत). ही सगळी बिले तपासायला दोन ते अडीच दिवस लागतील. तपासली नाहीत तर हे क्रेडिट सोडून विवरणपत्र भरता येईल आणि हक्काची रक्कम पुढच्या महिन्यात घेता येईल, पण तोवर तेवढा कर रोखीने भरावा लागेल, तोही नेमका दिवाळीच्या बोनसची तरतूद करायच्या वेळी. विवरणपत्रच उशिरा भरणे मी पर्याय धरलेला नाही, कारण रोजचे ५० रुपये विलंब शुल्क किरकोळ असले तरी रोखीने भरायच्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते.

मोजणीत सुमारे ११०० नग-प्रकार आहेत. त्यासाठी तीन दिवस लागतील आणि त्यातला एक दिवस माल बाहेर पाठवणे बंद ठेवावे लागेल. आपली मुख्य शंका पितळी सळ्यांबद्दल आहे, आणि ती रास्त आहे: काल स्टोअरकीपरसमोर काट्यावर वजन केले, तर वहीतल्या ६४० किलोंच्या जागी ५९२ किलो भरले. एवढी तूट नुसत्या वजनातल्या फरकाची नसावी.

म्हणून माझे मत असे की, पूर्ण मोजणी २६ ते २८ ऑक्टोबरला घ्यावी, तोपर्यंत सहकारीही रुजू होतील. मात्र पितळ आणि तांबे उद्या दुपारीच मोजून त्या रॅकला कुलूप लावावे आणि उरलेला वेळ बिलांना द्यावा.

मोजणीचा आकडा २० तारखेलाच देण्याचा शब्द आपण बँकेला किंवा भागीदारांना दिला असेल, तर मात्र माझा हा क्रम चुकेल. तसे असल्यास मोजणी आधी घेऊ आणि न जुळलेले क्रेडिट सोडून विवरणपत्र भरू. त्यासाठी ३,१८,००० रुपयांची जादा सोय करण्यास आपली संमती लागेल.

उद्या सकाळी अकरापर्यंत आपला निर्णय कळवावा, ही विनंती. स्टोअरला निरोप त्यानंतरच देईन.

आपला विश्वासू,
वरिष्ठ लेखापाल
१५ ऑक्टोबर